तक्त्यातल्या तीन ओळींबद्दल अभ्यास मंडळाला खुले पत्र

सूक्ष्मजीवशास्त्र अभ्यास मंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

स.न.वि.वि.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आपण हरकतींसाठी खुला केला, त्याबद्दल आभार. हरकत नोंदवायच्या अर्जात मात्र दोन वाक्यांपलीकडे काही मावत नाही आणि माझी हरकत दोन वाक्यांची नाही. शिवाय ती फक्त आपल्यापुरतीही नाही. हा विषय शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या सगळ्यांनी ती वाचावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

रोगजंतू प्रतिकारशक्तीला कसे चुकवतात, हे आजवर एक स्वतंत्र प्रकरण होते. मसुद्यात ते वगळून त्याच्या जागी एक तक्ता दिला आहे. तक्त्यात तीन ओळी आहेत. 'प्रतिजन बदल: प्रतिपिंडांपासून वाचण्यासाठी परजीवी आवरण बदलतो, उदा. ट्रिपॅनोसोमा.' 'कॅप्सूल: भक्षण टाळते, उदा. न्यूमोकॉकस.' 'पेशीत लपणे: प्रतिपिंडांपासून बचाव, उदा. क्षयाचा जिवाणू.' सोबतचे प्रात्यक्षिकही गेले. 'अभ्यासाचा भार कमी करणे' एवढे एकच कारण दिले आहे.

मी हे प्रकरण अनेक वर्षे शिकवतो आणि त्यावरच्या उत्तरपत्रिका तपासतो. माझे विद्यार्थी पुढे निदान प्रयोगशाळांत जातात, लस बनवणाऱ्या कारखान्यांत जातात, काही संशोधनाकडे वळतात. एखादी चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणजे नेमके काय कळले आणि काय कळले नाही, हे त्यांना रोज ठरवावे लागते. ते ठरवायला लागणारा विचार याच प्रकरणात होता. भार कमी करायला माझा विरोध नाही, आणि कुठे कमी करता येईल हेही पुढे सांगतो. पण या तीन ओळींपैकी पहिली चूक आहे, दुसरी अर्धी आहे आणि तिसरी भलत्याच दिशेला नेते.

पहिल्या ओळीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे नुसती माहिती कमी पडलेली नाही, तर कार्यकारणच उलटे झाले आहे.

ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी. त्सेत्से माशी चावली की तो शरीरात येतो आणि पेशीत न शिरता थेट रक्तात पोहत राहतो. म्हणजे प्रतिपिंडांच्या भर प्रवाहात. १९१० साली रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी निद्रारोगाच्या एका रोग्याच्या रक्तातले परजीवी रोजच्या रोज मोजले. आलेख लाटांसारखा निघाला: संख्या चढायची, कोसळायची आणि साधारण आठवड्याभरात पुन्हा चढायची. प्रतिपिंडे परजीवींना मारतात हे तेव्हा ठाऊक होते. उरलेले का मरत नाहीत, हा प्रश्न होता. ते प्रतिपिंडांना 'सरावतात', असे उत्तर त्या काळात दिले गेले. आपल्या तक्त्यातली पहिली ओळ वाचून विद्यार्थी नेमके हेच समजणार आहे. शंभर वर्षांपूर्वीचा गैरसमज आपण नव्या अभ्यासक्रमात छापतो आहोत.

खरे काय घडते? या परजीवीच्या अंगावर एकाच प्रथिनाचे दाट आवरण असते. त्याला व्हीएसजी म्हणतात. एका परजीवीवर या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू असतात, आणि तेही इतके खेटून की दाट उभ्या पिकात वरून फक्त कणसे दिसावीत आणि बुंधे दिसू नयेत, तशी प्रतिपिंडांना फक्त रेणूंची टोके सापडतात. खालची, न बदलणारी प्रथिने झाकलेली राहतात. कीथ व्हिकरमन यांनी १९६९ मध्ये हे आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि जॉर्ज क्रॉस यांनी १९७५ मध्ये ते प्रथिन वेगळे काढले. परजीवीच्या जीनोममध्ये अशा प्रथिनांची दोन हजारांहून अधिक जनुके आहेत. पण एका वेळी वाचले जाते ते एकच. ते गुणसूत्राच्या टोकाशी असलेल्या एका खास जागेत बसलेले असते. अशा जागा पंधराएक आहेत, आणि त्यांतली एकच चालू असते.

विभाजन होताना अधूनमधून एखादे शांत जनुक कॉपी होऊन त्या चालू जागेत येऊन बसते आणि आधीचे पुसले जाते. कधी एक जागा बंद पडून दुसरी चालू होते. त्या परजीवीचे आवरण बदलते. हे किती वेळा घडते? प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या वाणांत दहा लाख विभाजनांत एकदा, इतके क्वचित. माशीतून नुकत्याच आलेल्या वाणांत शंभरात एकापर्यंत. आणि कळीचा मुद्दा असा की हे प्रतिपिंडांच्या सांगण्यावरून घडत नाही. काचेच्या भांड्यात, जिथे प्रतिपिंडांचा मागमूसही नाही, तिथे एकाच परजीवीपासून वाढवलेल्या पिढीतही वेगळ्या आवरणाचे परजीवी सापडतात. प्रतिपिंडे बदल घडवत नाहीत. आधीच बदललेले जे असतात, ते प्रतिपिंडांच्या तडाख्यातून मागे उरतात.

दुसऱ्या वर्षाला आपण विद्यार्थ्यांना लुरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ चा प्रयोग शिकवतो. जिवाणूंमधले उत्परिवर्तन विषाणूचा हल्ला होण्याआधीच घडलेले असते, हे त्या प्रयोगाने दाखवले. तिसऱ्या वर्षाला आपलाच तक्ता त्यांना सांगणार की परजीवी 'वाचण्यासाठी' बदलतो. दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम एकाच मंडळाने मंजूर केला आहे, म्हणून हे अधिक खटकते.

हे वर्गात फळ्यावर सोडवता येते आणि मी ते सोडवून घेतो. समजा, एक परजीवी शिरला. दर सहा तासांनी तो दुप्पट होतो, म्हणजे दिवसाला चार पिढ्या. शरीराला पहिली कामाची प्रतिपिंडे बनवायला पाच दिवस लागले, असे धरू. पाच दिवसांत वीस पिढ्या होतात, म्हणजे सुमारे दहा लाख परजीवी. बदलाचा दर दहा हजार विभाजनांत एक धरू. शेवटच्या पिढीतच नव्या आवरणाचे शंभरेक परजीवी तयार होतात. त्याआधीच्या प्रत्येक पिढीत बदललेल्यांची संततीही, सरासरी काढली तर, विसाव्या पिढीपर्यंत तेवढीच होते, कारण आधी बदललेले थोडे असतात पण त्यांना वाढायला वेळ जास्त मिळतो. वीस पिढ्या गुणिले शंभर, म्हणजे सुमारे दोन हजार. प्रतिपिंडांचा पहिला थेंब रक्तात उतरण्याआधीच हे दोन हजार तयार आहेत.

इथे चांगला विद्यार्थी हात वर करतो: सर, पहिल्या पाच-सहा पिढ्यांत मुळात परजीवीच इतके थोडे, तिथे बदल होणार कसा? बरोबर आहे. बहुतेक रोग्यांत तो तिथे होतच नाही, म्हणून प्रत्यक्ष आकडा बहुधा दोन हजारांपेक्षा कमीच येतो. पण एखाद्या रोग्यात तिसऱ्याच पिढीत बदल झाला, तर आकडा एकदम लाखावर जातो. सरासरी दोन हजार, पण कुणाही एका रोग्यात नेमके दोन हजार क्वचितच. हीच ती लुरिया-डेलब्रुक यांनी पाहिलेली चढउतार. ज्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतो, त्याला हे प्रकरण कळले. तक्त्यातून हा प्रश्न पडूच शकत नाही.

गणित पुढे नेऊ. प्रतिपिंडे आली आणि जुन्या आवरणाचे सगळे परजीवी मेले. डॉक्टरला वाटते, उतार पडला. दोन हजार उरले आहेत. दोन हजारांचे पुन्हा दहा लाख व्हायला नऊ पिढ्या पुरतात, म्हणजे सव्वादोन दिवस. मग रॉस आणि थॉमसन यांच्या आलेखात दोन शिखरांमध्ये आठवड्याचे अंतर का? कारण वाढ सतत त्याच वेगाने होत नाही. गर्दी वाढली की परजीवींचा मोठा भाग विभाजन थांबवून आखूड, जाडसर रूप घेतो. हे रूप माशीच्या पोटात जायला तयार असते, पण रक्तात ते आता वाढत नाही. म्हणजे लाटेचा आकार फक्त प्रतिपिंडे ठरवत नाहीत. परजीवी स्वतःही आपली संख्या आवरतो. गणित आणि निरीक्षण जुळत नाही, तिथे काय राहून गेले हे शोधणे, एवढे एक कौशल्य जरी विद्यार्थी घेऊन गेला तरी पुष्कळ झाले.

आणखी एक. एका लाटेत एकच नवे आवरण असते, असे चित्र पाठ्यपुस्तकांत रंगवलेले असते: लाल लाट, मग निळी, मग हिरवी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुग्निए, क्रॉस आणि पापावासिलिऊ यांच्या अभ्यासात उंदरांच्या रक्तात एकाच वेळी अनेक आवरणांचे परजीवी आढळले. त्यांतले बरेचसे कधी बहुसंख्य झालेच नाहीत. दोन हजारांहून अधिक जनुकांपैकी बहुतेक तुटकी आहेत, एकेकटी निरुपयोगी. संसर्ग लांबला की त्यांचे तुकडे जोडून नवी, आधी कधीच नसलेली जनुके तयार होतात. म्हणून 'जनुकसंग्रह संपेल आणि परजीवी हरेल' ही आशा फोल ठरते, आणि म्हणूनच निद्रारोगावर आजवर लस नाही.

या सगळ्याचा निदानाशी थेट संबंध आहे. गॅम्बिएन्स प्रकारच्या निद्रारोगासाठी १९७८ पासून एक सोपी कार्ड चाचणी वापरात आहे. तिच्यात मारलेले, रंगवलेले परजीवी रोग्याच्या रक्तात मिसळतात. प्रतिपिंडे असतील तर गुठळ्या दिसतात. चाचणीतले परजीवी एका ठरावीक आवरणाचे असतात, जे बहुतेक संसर्गांत लवकर प्रकट होते. पण काही भागांतल्या परजीवींत ते जनुकच नसते. तिथल्या रोग्याने त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे कधीच बनवलेली नसतात, आणि चाचणी त्याला निरोगी ठरवते. उलट बाजूने, रक्ताची काच पाहताना लाट ओसरलेल्या दिवशीचा नमुना आला तर परजीवी दिसत नाही. एका निगेटिव्ह काचेवरून रोग नाही असे म्हणता येत नाही. हे तंत्रज्ञाला पाठ करायला लावायची गरज नाही. लाट कशी तयार होते ते कळले असेल, तर तो स्वतःच दुसऱ्या दिवशीचा नमुना मागेल.

दुसरी ओळ: 'कॅप्सूल भक्षण टाळते.' हे खोटे नाही. पण विद्यार्थ्याने पुढे 'कसे?' विचारले तर तक्ता गप्प.

न्यूमोकॉकसभोवती शर्करांच्या लांब साखळ्यांचे जाड वेष्टन असते. रक्तातली जिवाणूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंटची प्रथिने त्यातून आत झिरपतात आणि पेशीभित्तीवर चिकटतातही. पण ती चिकटतात वेष्टनाच्या खाली. पांढऱ्या पेशीचा हात तिथवर पोचत नाही. खूण केलेली आहे, पण वाचणाऱ्याला दिसत नाही. आता कॅप्सूलविरुद्धच प्रतिपिंडे असली तर? ती वेष्टनाच्या बाहेरच्या कडेवर बसतात, त्यांच्यामुळे कॉम्प्लिमेंटही बाहेरच जमा होते, आणि तीच पांढरी पेशी त्याच जिवाणूला गिळून टाकते. म्हणजे जे कवच त्याला वाचवते, तेच त्याच्यावर नेम धरायची सर्वांत चांगली जागा आहे. न्यूमोकॉकसच्या लसी याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. तक्त्यात ती नाही.

इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो. कॅप्सूलमधली शर्करा नुसती टोचली तर दोन वर्षांखालच्या मुलांत तिचा फारसा उपयोग का होत नाही? कारण टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, या शर्करा नव्हे. टी पेशींच्या मदतीशिवाय लहान मुलांची बी पेशी अशा शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही आणि स्मृतीही ठेवत नाही. मग शर्करा एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली. शर्करा ओळखणारी बी पेशी शर्करेसोबत ते प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे बाहेर मांडते आणि त्या तुकड्यांवर टी पेशीची मदत मिळवते. मदत मिळते प्रथिनामुळे, प्रतिपिंडे बनतात शर्करेविरुद्ध. मला विचाराल तर रोगप्रतिकारशास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे, आणि आपण विद्यार्थ्यांना ती न दाखवताच पदवी देणार आहोत.

लसीला मर्यादा आहे, आणि ती पहिल्या ओळीच्या गोष्टीशी येऊन मिळते. न्यूमोकॉकसच्या कॅप्सूलचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. २००० साली अमेरिकेत आलेल्या पहिल्या जोड-लसीत त्यांतले ७ होते. त्या सातांमुळे होणारे गंभीर आजार झपाट्याने घटले. पण नाकाघशातली रिकामी झालेली जागा लसीत नसलेल्या प्रकारांनी घेतली, त्यांत १९ए हा ठळक होता. २०१० च्या १३ प्रकारांच्या लसीत तो घालावा लागला. इथेही जिवाणूने लस 'पाहून' वेष्टन बदलले नाही. १९ए आधीपासून होताच. त्याचे स्पर्धक हटले. रक्तातल्या परजीवीत जे दिवसांत घडते, ते इथे माणसांच्या लोकसंख्येत वर्षांत घडले. मग हिमोफिलस इन्फ्लुएंझीच्या लसीनंतर असे मोठ्या प्रमाणात का घडले नाही? त्या जिवाणूत लहान मुलांच्या गंभीर आजारांचा बहुतांश भार 'बी' या एकाच कॅप्सूल-प्रकारावर होता. जागा घ्यायला तितका घातक दुसरा प्रकार तयार नव्हता. या दोन लसींची तुलना हा परीक्षेतला उत्तम प्रश्न ठरेल.

वगळलेले प्रात्यक्षिक याच ओळीचे होते: इंडिया इंकच्या काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणूभोवती दिसणारे पांढरे वलय. साहित्य म्हणाल तर थेंबभर शाई, एक काच आणि साधा सूक्ष्मदर्शक. सुरक्षिततेची काळजी असेल तर रोगकारक जिवाणू घ्यायची गरजच नाही. जमिनीतला ॲझोटोबॅक्टर चालतो. ज्याने ते वलय स्वतः पाहिले, त्याला फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्या १९२८ च्या प्रयोगातल्या गुळगुळीत आणि खडबडीत वसाहतींचा फरक पाठ करावा लागत नाही. न्यूमोकॉकस प्रयोगशाळेच्या माध्यमावर वारंवार वाढवला की त्यात कॅप्सूल गमावलेले खडबडीत वाण निघतात आणि मग प्रकार ओळखायची चाचणी फसते, हेही त्याला पटकन उमगते. तिथे प्रतिपिंडे नाहीत, भक्षक पेशी नाहीत. कवच बाळगण्याचा खर्च तेवढा उरतो.

तिसरी ओळ सर्वांत छोटी हरकत मागते. 'पेशीत लपणे: प्रतिपिंडांपासून बचाव.' वाचणाऱ्याला वाटेल की क्षयाचा जिवाणू एखाद्या निरुपद्रवी पेशीत दडी मारून बसतो. तो शिरतो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जिवाणू मारणे हेच जिचे काम, त्याच पेशीत. तिने गिळलेला जिवाणू एका पिशवीत जातो. ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते आणि शेवटी पाचक रसांच्या पिशवीशी, लायसोसोमशी, एकरूप होते. क्षयाचा जिवाणू हा प्रवास मध्येच अडवतो. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी १९७१ मध्ये हे दाखवले. पिशवीचा सामू ५ च्या आसपास उतरायचा, तो ६ च्या वरच अडकतो. त्याच दोघांनी १९७५ मध्ये जिवाणूंना आधी प्रतिपिंडांचा लेप दिला. तेव्हा पिशव्या एकरूप झाल्या, पण जिवाणू तरीही तगले. म्हणजे मुद्दा नुसता प्रतिपिंडांपासून लपण्याचा नाहीच.

आणि लपणे पूर्णही नाही. संसर्ग झालेली पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडते, टी पेशी ते वाचतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडून मॅक्रोफेजला जागे करतात. मग अडलेला प्रवास पुढे सरकतो. एचआयव्हीमुळे सीडी४ टी पेशी घटल्या की दबलेला क्षय उसळतो. सांधेदुखीसाठी टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारे औषध सुरू करण्याआधी दबलेल्या क्षयाची तपासणी करतात, त्यामागेही हेच सूत्र आहे: जिवाणूंना घेरून ठेवणाऱ्या पेशींच्या गाठी त्या टीएनएफवर टिकून असतात.

'पेशीत लपणे' हा एकच डावही नाही. लिस्टेरिया पिशवी फोडून पेशीद्रवात उतरतो आणि पेशीच्याच ॲक्टिन तंतूंच्या जोरावर शेजारच्या पेशीत घुसतो. लीशमॅनिया तर आम्लधर्मी पिशवीतच सुखाने वाढतो. तिघांना एका खान्यात घातले की औषध कुठवर पोचले पाहिजे, हा प्रश्नच पुसला जातो.

निदानाच्या बाबतीत ही ओळ जास्त घातक आहे. क्षय झालेल्याच्या रक्तात प्रतिपिंडे असू शकतात किंवा नसूही शकतात, आणि ती असल्याने सक्रिय रोग सिद्ध होत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सक्रिय क्षयाच्या निदानासाठी बाजारातल्या रक्त-प्रतिपिंड चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. त्वचेची ट्युबरक्युलिन चाचणी आणि इंटरफेरॉन गॅमा मोजणारी रक्तचाचणी टी पेशींची स्मृती मोजतात. आज शरीरात जिवाणू जिवंत आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. सक्रिय रोगासाठी थुंकीत खुद्द जिवाणू किंवा त्याचे जनुकद्रव्य शोधावे लागते. आपल्या पदवीधराने रिपोर्ट लिहिताना या तिन्ही गोष्टींची गल्लत केली तर त्याचे परिणाम रोग्याला भोगावे लागतील.

आता मागण्या.

पहिली ओळ आहे त्या रूपात छापू नये. आवरणबदल आपोआप आणि आधी होतो, प्रतिपिंडे त्यातून निवड करतात, हे अभ्यासक्रमात स्पष्ट शब्दांत यावे. यात एकही तासिका वाढत नाही, त्यामुळे याला नकार देण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रकरण परत आणावे, पण पूर्वीच्या लांबीने नव्हे. जुन्या प्रकरणात डझनभर रोगजंतूंची नावे आणि प्रत्येकाच्या चारचार युक्त्या होत्या. तो भार खरोखर होता, आणि तो काढल्याबद्दल माझी तक्रार नाही. ट्रिपॅनोसोमा, न्यूमोकॉकस आणि क्षयाचा जिवाणू हे तीनच ठेवावेत आणि त्यांना मिळून सहा तासिका द्याव्यात. त्यांतल्या तीन पहिल्यालाच द्याव्यात. वरचे गणित फळ्यावर सोडवायला तेवढा वेळ लागतो.

इंडिया इंकचे प्रात्यक्षिक परत घ्यावे, निरुपद्रवी जिवाणू वापरून. ज्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शकांची कमतरता आहे, तिथे ते गटात करण्याची मुभा द्यावी.

प्रश्नपत्रिकेत या भागावर जोड्या लावायचा प्रश्न नसावा. त्याऐवजी एखादे प्रकरण द्यावे. उदाहरणार्थ: 'रोग्याची कार्ड चाचणी निगेटिव्ह आहे, सोमवारच्या रक्तकाचेत परजीवी दिसले नाहीत, गुरुवारच्या काचेत भरपूर दिसले. तिन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे कसे असू शकतात?' उत्तराला अर्धे पान पुरते, आणि ते घोकून लिहिता येत नाही. असे नमुना प्रश्न उत्तरसूत्रांसह लिहून द्यायला मी आणि या विषयाचे काही सहकारी तयार आहोत. त्याचे मानधन नको.

शेवटची मागणी कामकाजाची आहे. हे प्रकरण काढण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत, कोणत्या चर्चेनंतर झाला, याची नोंद मसुद्यासोबत नाही. ती जोडावी, आणि मसुदा अंतिम करण्याआधी या पत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यावे. एखादा मुद्दा अमान्य असेल तर कारणासह तसे लिहावे. ते उत्तर मी या पत्रासोबतच सर्वांना वाचायला ठेवीन.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक